जुन्या घरगुती पत्रातले नाव लागत नाही: नाते, गाव आणि विषय धरून ते कसे लावायचे

तक्रार नेहमीची आहे. आजोबांच्या ट्रंकेतून पोस्टकार्डांचा गठ्ठा निघतो, कोणीतरी ती टाइप करायला बसते, मजकूर बराचसा लागतो आणि माणसांच्या नावांपाशी येऊन गाडी अडते. घडीवर शाई उडालेली, व आणि ब सारखे, भ आणि म सारखे, ध आणि घ सारखे. मग घरातल्यांना विचारले जाते, एक जण ‘सुखदेवकाका असतील’ म्हणतो आणि तेच नाव वंशावळीत जाते. पुढे दुसऱ्या पत्रात सुखदेव भलत्याच ठिकाणी, भलत्याच वयाचा निघतो आणि सगळा गुंता होतो.

असे होण्याचे कारण साधे आहे. साध्या शब्दाला वाक्य सावरून धरते. ‘कापूस’मधला ‘पू’ पुसला तरी शब्द लागतो. ‘…देव’ला तसा आधार नाही, कारण नामदेव, सुखदेव, वासुदेव, महादेव, सहदेव ही सगळी नावे एकाच घरात असू शकतात. म्हणून भिंग घेऊन त्याच अक्षराकडे पुन्हा पुन्हा पाहण्यात फायदा नाही. अक्षर जेवढे सांगू शकते तेवढे पहिल्या दोन नजरांत सांगून मोकळे होते. पुढचे काम आजूबाजूच्या मजकुराचे.

पद्धत एका पत्रावर दाखवतो. हे पत्र समजावण्यासाठी रचलेले आहे, त्यातली माणसे खरी नाहीत. लिहिण्याची धाटणी, गावे आणि अडचणी मात्र वऱ्हाड-वर्ध्याकडच्या त्या काळच्या पत्रांत भेटतात तशाच ठेवल्या आहेत. न लागलेली जागा टिंबांनी दाखवली आहे.

॥ श्री ॥
आर्वी, ता. १४-११-५४
ती. भाऊ यांचे सेवेसी शि. सा. न. वि. वि. येथील सर्व क्षेम. मागील मंगळवारी मामा व चि. ….देव पुलगावी उतरून लहान गाडीने येथे आले. मामा येथून वर..डास संत्र्याचे सौद्यास जाऊन येणार आहेत. चि. ….देवाचे सोयरिकीचे बोलणे .ामणगावी व्हावयाचे आहे. त्याची आई गं. भा. .ागूबाई दिवाळीपासून आमचेकडेच आहे. तिलाही सोबत न्यावे असे मामा म्हणतात. परतताना तिघेही तेथे उतरतील, आपणही येऊन मिळावे. कापूस अजून घरातच आहे, भाव पाहून जिनात देऊ. सौ. वहिनीस सा. न., मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

पत्त्याच्या बाजूला तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, म. प्र. एवढे लागते. या ‘म. प्र.’वरून काही जण गाव आजच्या मध्य प्रदेशात शोधायला जातात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशातच होता, त्यामुळे १९५४च्या कार्डावर हे असणारच. तसेच जुन्या पत्रांत उमरावती म्हणजे अमरावती, एलिचपूर म्हणजे अचलपूर, चांदा म्हणजे चंद्रपूर.

आधी डोळ्यांना दिसते तेवढेच लिहा

घरातली नावे आठवण्याआधी कागदावर काय शिल्लक आहे ते टिपून ठेवा. हा क्रम उलटा झाला की मनात असलेले नाव अक्षरात दिसायला लागते, आणि एकदा दिसले की ते पुसता येत नाही. आपल्या पत्रात ‘देव’च्या आधी घडीचा चर गेला आहे. त्यात अक्षरे गेली, पण ओळीखाली उकाराचा एक बाक वाचला आहे. तो पहिल्या अक्षराचा की दुसऱ्याचा हे सांगता येत नाही. एवढ्यानेही नामदेव, महादेव, सहदेव गळतात, कारण त्यांत उकार कुठेच नाही. उरले सुखदेव आणि वासुदेव. जुन्या हस्ताक्षरात अक्षर उडाले तरी ओळीखालचा उकार आणि ओळीवरची वेलांटी, मात्रा बरेचदा टिकतात, म्हणून तिथे आधी पाहायचे.

याच वेळी प्रत्यय सोडवून ठेवा. त्या काळच्या पत्रांत ‘ला’च्या जागी ‘स’ सर्रास येतो, आणि ‘गावात’ऐवजी ‘गावी’. ‘वहिनीस’मधला स कोणी नावात धरत नाही, पण अनोळखी नावाला लागला की ‘यादवास’ म्हणजे ‘यादवला’ असे न वाचता ‘यादवास’ हेच आडनाव करून ठेवलेले सापडते. ‘पुलगावी’ हे गाव नाही, गाव पुलगाव.

पत्र कोणाचे, कोणाला: हे पक्के झाल्याशिवाय एकही नाते मोजू नका

मामा, काका, वहिनी हे सगळे शब्द लिहिणाऱ्याच्या जागेवरून मोजायचे असतात. ती जागाच चुकली तर पुढचे सगळे एका पिढीने सरकते. इथे मायना ‘ती. भाऊ’ असा आहे. तीर्थरूप म्हणजे घरातले वडीलधारे, पण ‘भाऊ’ म्हणजे थोरला भाऊच असे नाही. कित्येक घरांत मुले बापालाच भाऊ, दादा, नाना किंवा बापू म्हणत आली आहेत. याचा निकाल मायन्यात लागत नाही, शेवटच्या ओळीत लागतो. ‘सौ. वहिनीस सा. न.’ असे आहे, म्हणजे ज्याला पत्र लिहिले त्याची बायको ही लिहिणाऱ्याची वहिनी, आणि तो थोरला भाऊ. तिथे ‘सौ. आईस’ किंवा ‘सौ. बाईस’ असते तर भाऊ हे बाप ठरले असते. म्हणून नमस्कार-आशीर्वादाची यादी कंटाळवाणी वाटली तरी ती सगळ्यात आधी वाचा. घरात कोण कोणाहून मोठे ते तिथे कळते.

लिहिणारी बाई असेल तर दोन गोष्टी बदलतात. एक, सून सासऱ्याला मामाजी किंवा मामंजी म्हणते, त्यामुळे तिच्या पत्रातला ‘मामा’ आईचा भाऊ आहे हे गृहीत धरू नये. दुसरी जास्त कामाची. त्या पिढीतली बाई नवऱ्याचे नाव लिहीत नसे. ‘घरी’, ‘हे’, ‘मुलांचे वडील’ असेच लिही. तेव्हा तिच्या पत्रात स्पष्ट नाव असलेला पुरुष बहुतेक तिचा नवरा नाही. मात्र पत्र मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून लिहून घेतलेले असेल तर हा नियम सैल होतो, कारण लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. सही आणि मजकूर यांचे अक्षर जुळते का, ते पाहा.

‘….देव’ कोण

आता घरातले उमेदवार मांडू. समजा चौकशीत तीन नावे आली. नामदेव हा लिहिणाऱ्याचा काका, सुखदेव हा मामाचा मुलगा, वासुदेव हा मावशीचा मुलगा.

पत्रात त्याच्या नावामागे ‘चि.’ आहे. चिरंजीव आपल्याहून लहानालाच लिहितात, म्हणून काका बाद. उकाराने त्याला आधीच काढले होते. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की त्या भागापुरती चिंता मिटते.

पुढचा शब्द ‘त्याची आई गं. भा.’. गंगा भागीरथी हे विधवेच्या नावामागे लावत. म्हणजे या मुलाचा बाप १४ नोव्हेंबर १९५४ च्या आधी वारलेला आहे. सुखदेवचा बाप म्हणजे मामा, आणि तो तर त्या दिवशी आर्वीत बसून संत्र्याच्या सौद्याचे बोलतो आहे. सुखदेव गेला. याच तर्काने पत्र ज्याला लिहिले त्या भावाचा मुलगाही गळतो, कारण भाऊ जिवंत असल्याशिवाय त्याला पत्र कोण लिहील? राहिला वासुदेव, मावशीचा मुलगा. विषयही जुळतो. बाप नसलेल्या पोराच्या सोयरिकीत मामा पुढे होतो, ही आपल्याकडची रीतच आहे.

‘सोयरीक’ हा शब्द आणखी एक चाळणी देतो: १९५४ च्या आधी लग्न झालेला माणूस सहसा इथे बसत नाही. सहसा एवढ्यासाठी की दुसरपणाची लग्ने होत होती. त्यामुळे लग्नाच्या सालावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

नाव लागल्यावर हमखास होणारी चूक आडनावाची आहे. मामासोबत आला म्हणून वासुदेवला मामाचे आडनाव चिकटवले जाते. तो मावशीचा मुलगा, तेव्हा आडनाव मावशीच्या सासरचे. काका, पुतण्या, चुलतभाऊ यांचे आडनाव लिहिणाऱ्याचेच. मामा, मामेभाऊ यांचे लिहिणाऱ्याच्या आईच्या माहेरचे. मावसभाऊ, आतेभाऊ, भाचा, जावई, भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, इवाई म्हणजे व्याही, यांची आडनावे वेगळ्या घरांची. पत्रात आडनाव अर्धे दिसत असेल तर ते कोणत्या घराचे असायला हवे हे नात्यावरून आधीच ठरते.

नात्याच्या शब्दाला एक मर्यादा आहे. खेड्यात आईच्या गावचा कोणीही वयस्क मामाच असतो आणि शेजारचा प्रत्येक जण काका. अशा गावनात्याची खूण म्हणजे शब्दाला नाव किंवा गाव जोडलेले असते: ‘किसनमामा’, ‘हिंगणघाटवाले मामा’. नुसते ‘मामा’, तेही दोघा सख्ख्या भावांच्या पत्रात, म्हणजे बहुतेक खरा मामा. पण दोन-तीन मामे असलेल्या घरात नुसते ‘मामा’ कोण, हे एका पत्रावर सांगता येत नाही.

गं. भा. .ागूबाई

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ‘गं. भा.’ हेच नाव समजून ‘गंगाबाई’ लिहिले जाते. शाई पसरून टिंबे दिसेनाशी झाली की ही चूक हटकून होते. ‘गं. भा.’, ‘सौ.’, ‘चि.’, ‘ती.’, ‘कै.’ या मायन्याच्या खुणा आधी वेगळ्या काढा आणि उरलेल्यातच नाव शोधा.

दुसरा खड्डा त्याहून खोल. अक्षर भ किंवा म आहे. ‘मागू’ असे नाव नाही, ‘भागू’ हे भागीरथीचे घरगुती रूप सगळीकडे चालते, म्हणून भागूबाई. पण मावशीला तिच्या सासरी सगळे अनसूया म्हणून ओळखतात, सातबाऱ्यावर वारस म्हणून अनसूयाच लागली आहे. इथे बरेच जण भागूबाई ही कोणी वेगळी बाई ठरवून वंशावळीत एक माणूस जास्तीचे घालतात. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती. सासरच्या कागदांवर सासरचे नाव येते, माहेरच्यांच्या तोंडी आणि पत्रांत माहेरचे राहते. लिहिणारा मावशीच्या माहेरच्या नात्यातला, तिच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या पत्रात भागू असणे आणि सातबाऱ्यावर अनसूया असणे यात विरोध नाही. उलट सासरच्या दिराच्या पत्रात ‘भागू’ आले असते तर थांबून विचार करावा लागला असता.

म्हणून बाईच्या नावाची नोंद करताना तीन रकाने ठेवा: माहेरचे नाव, सासरचे नाव आणि गावावरून पडलेले नाव. सुनांना माहेरच्या गावावरून ‘वरूडवाली’, ‘पुलगाववाली’ म्हणत, आणि पत्रात कधी तेवढेच असते. त्यातले गाव माहेरचे आहे हे विसरून तिथे तिचे सासर शोधणारेही आहेत.

वर..डास

गावांच्या नावाला व्याकरण आणि पीक असे दोन साक्षीदार मिळतात. इथे उमेदवार दोन: अमरावती जिल्ह्यातले वरूड आणि चांद्याकडचे वरोरा, ज्याला जुन्या लिहिण्यात वरोडाही म्हणत. शेवटी ‘डास’ स्वच्छ आहे. वरोडा असते तर ‘वरोड्यास’ झाले असते, ड ला या जोडलेला दिसला असता. विषय संत्र्याचा, आणि संत्र्याचा पट्टा वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड असा. महिना नोव्हेंबर, म्हणजे आंबिया बहाराची फळे उतरण्याचा हंगाम. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चकडे येतात. रस्ताही तेच सांगतो. वरोऱ्याला जाणारा माणूस वर्ध्याला गाडी बदलून हिंगणघाटमार्गे खाली उतरतो. तो पुलगावला उतरून आर्वीच्या लहान गाडीत बसणार नाही. आर्वीहून वरूड मात्र आष्टीकडून वर, वाटेवरच.

पिकाची साक्ष इतर पत्रांतही चालते. धानाच्या बांध्या आणि रोवणी आली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे पाहा. पऱ्हाटी, सरकी, जिन आले की वऱ्हाड, वर्धा, यवतमाळ. पण पीक फक्त पट्टा सांगते, गाव नाही. ‘कापूस’ या शब्दावर अख्ख्या वऱ्हाडातले एकही खेडे निवडता येत नाही.

.ामणगावी

ध की घ हा प्रश्न इथे गौण आहे, धामणगावच. खरा प्रश्न कोणते धामणगाव. विदर्भात धामणगाव रेल्वे आहे, अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, बुलडाण्यात धामणगाव बढे आहे. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, कारंजा लाड आणि कारंजा घाडगे, मंगरूळपीर आणि मंगरूळ दस्तगीर, हीच गत. लिहिणारा मागचा शब्द गाळतो, कारण वाचणाऱ्याला तो माहीत असतो. ‘परतताना तेथे उतरतील’ यात उत्तर आहे. आर्वीहून लहान गाडीने पुलगाव, तिथून बडनेऱ्याकडे मोठ्या गाडीने निघाले की धामणगाव लागते. उतरायला स्टेशन हवे, आणि ते परतीच्या वाटेवर हवे. म्हणून धामणगाव रेल्वे. वाक्यात नुसते ‘धामणगावी जातील’ असते तर तिन्ही गावे उघडी ठेवावी लागली असती.

त्या काळच्या प्रवासासाठी आजचा रस्त्यांचा नकाशा वापरू नका. पुलगाव-आर्वी, मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या की ‘एवढा वळसा का’ असे वाटणारी बरीच वाक्ये सरळ होतात. पोस्टाचा शिक्का लागत असेल तर तोही पाहा. मजकुरात आर्वी आणि शिक्का दुसऱ्याच गावचा असेल तर पत्र वाटेत कोणाच्या हाती टाकायला दिले असेल, किंवा मजकुरातले गावच चुकीचे वाचले असेल.

पडताळा आणि नोंद

वासुदेव हा निकाल एका अटीवर उभा आहे: मावशीचा नवरा १४ नोव्हेंबर १९५४ पूर्वी वारला असला पाहिजे. हे पत्राबाहेर तपासता येते. जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळाले तर त्यात मृत्यू पाहा. शेती असेल तर वारसाचा फेरफार, गाव नमुना ६, काढा. फेरफाराची तारीख मृत्यूची नसते, नोंद कधी कधी वर्षानुवर्षे उशिरा होते. त्यामुळे फेरफार १९५८ चा निघाला म्हणून वासुदेव खोटा ठरत नाही, पण १९५२ चा निघाला तर तो पक्का होतो. वासुदेवच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पालक म्हणून मामाचे नाव असेल, तर तीही साक्ष चालेल.

एक फेरा टाळायला हवा. वंशावळ पाहून नाव वाचले, मग तेच पत्र वंशावळीचा पुरावा म्हणून जोडले, तर काहीच सिद्ध होत नाही. ज्या कागदावरून नाव लावले तो कागद त्याच नावाचा पुरावा म्हणून पुन्हा मोजू नका.

मजकूर टाइप करताना भरलेला भाग चौकटी कंसात ठेवा आणि खाली एका ओळीत कारण लिहा:

```
चि. [वासु]देव : उकार दिसतो; चि.; आई गं. भा.
वर[ू]डास : संत्रा, नोव्हेंबर; "ड्यास" नाही
गं. भा. [भ]ागूबाई : सासरचे नाव अनसूया?
[ध]ामणगावी : परतीच्या वाटेवर स्टेशन
```

प्रश्नचिन्ह जिथे खरोखर शंका आहे तिथेच. सगळीकडे लावले तर वाचणारा ते पाहणे सोडून देतो. शुद्धलेखन सुधारू नका. ‘सौद्यास’चे ‘सौद्याला’ केले की पुढच्या माणसाच्या हातून व्याकरणाची खूण जाते, आणि वरूड-वरोड्याचा निकाल तर तिच्यावरच लागला होता.

दोन उमेदवार शेवटपर्यंत टिकले तर दोन्ही तिरप्या रेघेने लिहा, [सुख/वासु]देव असे, आणि त्याच हाताची आधीची-नंतरची पत्रे काढा. एक माणूस ‘सु’ कसा काढतो, ‘वा’चा काना कुठवर ओढतो, हे त्याच्या धड वाचता येणाऱ्या शब्दांत, ‘सुपारी’त, ‘वावरा’त सापडते. ते शब्द मोबाइलवर मोठे करून चराशेजारी ठेवा आणि दोन्हीकडच्या अक्षरांची रुंदी मोजा. दोन अक्षरे मावतील एवढी जागा असताना उकार ‘दे’ला चिकटून असेल तर तो दुसऱ्या अक्षराचा, म्हणजे वासुदेव. उकार आणि ‘दे’ यांच्यात एक अक्षरभर मोकळी जागा असेल तर सुखदेव. तसे निघाले तर मात्र ‘गं. भा.’ पुन्हा वाचावे लागेल, कारण मामा जिवंत असताना मामी विधवा असू शकत नाही.